लहान यंत्रावरचा मोठा ग्रंथसंग्रह

कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० साली सुरू झाले. तेव्हापासून करवीर तालुक्यातल्या वाचकाला जाडजूड ग्रंथ हवा असेल तर शहरात जावे लागे. आता याच तालुक्यातल्या उचगावात घरी बसून केतकरांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड, 'चांदोबा'चे जुने अंक आणि बालभारतीच्या 'किशोर'चे १९७१पासूनचे अंक पीडीएफच्या रूपात उतरवून घेता येतात. अडचण त्यानंतर सुरू होते. हा सगळा ऐवज जुन्या किंवा स्वस्तातल्या ई-रीडरवर टाकला की यंत्र पान उलटायला दहा-पंधरा सेकंद घेते, मधेच कोरे पान दाखवते, नाहीतर स्वतःच बंद होऊन पुन्हा सुरू होते. बहुतेकांचा निष्कर्ष ठरलेला असतो: फाइल मोठी आहे, यंत्र भरले आहे, काहीतरी पुसले पाहिजे. हा निदानातला दोष आहे आणि उपायही त्यामुळे चुकतो. यंत्राला सहसा फाइलचे वजन पेलवत नाही असे नसते. त्याला एका पानातले पिक्सेल पेलवत नाहीत. ही गोष्ट मान्य केली तर संग्रह कसा ठेवावा, काय बदलावे आणि काय अजिबात बदलू नये, हे बहुतांशी आपोआप ठरत जाते.

ई-रीडरमध्ये स्मृती दोन प्रकारची असते आणि बोलताना आपण दोन्हींना 'मेमरी'च म्हणतो. एक म्हणजे साठा. पुस्तके जिथे पडून राहतात ती जागा. जुन्या यंत्रांत ती २ किंवा ४ गिगाबाइट असते. दुसरी रॅम, म्हणजे उघडलेले पान ज्या टेबलावर पसरायचे ते टेबल. २०१२चा किंडल पेपरव्हाइट घेतला तर साठा २ गिगाबाइट आणि रॅम २५६ मेगाबाइट. त्या रॅममधूनही यंत्राची स्वतःची प्रणाली मोठा वाटा आधीच घेऊन बसलेली असते. कपाटात जागा असूनही टेबल लहान असेल तर नकाशा उलगडता येत नाही, तसे इथे होते. पुस्तके पुसल्याने कपाट मोकळे होते, टेबल तेवढेच राहते. म्हणून शंभर फाइली काढून टाकल्यावरही तेच पान तिथेच अडते.

हिशोब करून पाहू. समजा एका खंडाचे पान ७ इंच रुंद आणि साडेनऊ इंच उंच आहे आणि ते दर इंचाला ४०० पिक्सेल या घनतेने रंगीत स्कॅन केले आहे. म्हणजे पानावर २८०० गुणिले ३८००, सुमारे १ कोटी ६ लाख पिक्सेल झाले. रंगीत चित्रात प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे लागतात. संकोचन उलगडले की हे एक पान रॅममध्ये सुमारे ३२ मेगाबाइट जागा घेते, मग फाइलमध्ये ते अर्ध्या मेगाबाइटचे का असेना. तेच पान ६०० घनतेने स्कॅन केले असेल तर आकडा ७२ मेगाबाइटवर जातो. बऱ्याच वाचनप्रणाली पुढचे पान आधीच तयार करून ठेवतात, की दुप्पट. आता पडद्याकडे पाहा. ३०० घनतेच्या सहा इंची पडद्यावर १०७२ गुणिले १४४८, म्हणजे साडेपंधरा लाख पिक्सेल असतात आणि ते करड्याच्या फक्त १६ छटा दाखवतात. साध्या, जुन्या पडद्यावर तर ६०० गुणिले ८००, म्हणजे ४ लाख ८० हजारच. पडद्याला हवे त्याच्या निदान वीसपट माहिती यंत्र दर पानाला उलगडते आणि लगेच फेकून देते. दहा सेकंद जातात ते या निष्फळ कामात.

पिक्सेलइतकेच महत्त्व त्यांच्या बांधणीला आहे. साधे जेपीईजी चित्र यंत्राला निम्म्या किंवा पाव आकारात थेट उलगडता येते आणि काही वाचनप्रणाली ही सवलत घेतातही. जेपीईजी २००० या प्रकारात मात्र प्रचलित मुक्त उलगडणी प्रत्येक आकड्यासाठी ४ बाइट राखते. म्हणजे वरचे ३२ मेगाबाइटचे पान उलगडताना १२८ मेगाबाइटपर्यंत जाते. इंटरनेट अर्काइव्हवरच्या अनेक पीडीएफमध्ये हाच प्रकार असतो. शिवाय तिथे पान तीन थरांत विभागलेले असते: कागदाची पार्श्वभूमी, अक्षरांचा रंग आणि अक्षरांचा साचा. पार्श्वभूमी बहुधा कमी घनतेची ठेवलेली असल्याने वरचा आकडा दरवेळी गाठला जात नाही, पण तीन चित्रे उलगडून एकमेकांवर बसवण्याचे काम लहान प्रोसेसरला जड जाते. ही मांडणी फाइल लहान करण्यासाठी उत्तम आहे. इंटरनेटचा खर्च वाचतो, साठा वाचतो. रॅम मात्र वाचत नाही. म्हणूनच ४० मेगाबाइटची पीडीएफ अडखळते आणि २०० मेगाबाइटची धावते असा उलटा अनुभव येतो. ऐकून विश्वास बसत नसेल तर संगणकावर पॉपलर या मोफत संचातली एक आज्ञा देऊन पाहावे.

```
pdfimages -list khand-05.pdf | head -n 12
```

समोर तक्ता येतो. त्यात width आणि height हे रकाने गुणावेत, comp खाली ३ असेल तर तिपटीने वाढवावेत, आणि enc खाली jpx आहे की jpeg, हे पाहावे. jpx म्हणजे जेपीईजी २०००. एकाच पान क्रमांकापुढे तीन ओळी दिसल्या तर थरांची पीडीएफ आहे. अर्ध्या मिनिटात कळते की दोष पानात आहे की अन्यत्र.

अन्यत्रही तो असू शकतो, आणि लक्षणे नीट पाहिली तर ओळखता येतो. पान उलटताना वेळ लागतो, पण मागे येऊन तेच पान पुन्हा पाहिले तर ते झटकन येते: याचा अर्थ उलगडलेले पान तात्पुरते जपले गेले आहे आणि दोष पिक्सेलचा आहे. फाइल उघडतानाच वेळ जातो आणि नंतर पाने सुरळीत उलटतात: तेव्हा फाइलची आतली अनुक्रमणी मोठी किंवा मोडकी आहे. कॉमिकच्या सीबीआर फाइलमध्ये पुढे जावे तसतसा वेळ वाढतो: तेव्हा गठ्ठा सलग दाबलेला आहे, आणि एकशेपन्नासावे पान काढण्यासाठी यंत्राला आधीची एकशे एकोणपन्नास उलगडावी लागतात. आणि पुस्तक न उघडताही यंत्र मंद चालते, बॅटरी रात्रीत उतरते, तर यंत्र नव्या फाइलींची शोधसूची आणि मुखपृष्ठांची छोटी चित्रे तयार करण्यात अडकले आहे. एखादी सदोष पीडीएफ त्याला तिथेच गोल फिरवत ठेवते. अशा वेळी शेवटी टाकलेला गठ्ठा काढून फाइली पाच-पाच करून पुन्हा टाकल्या की दोषी फाइल सापडते. खंडाचे शंभर-शंभर पानांचे तुकडे करावेत हा सल्ला सर्रास दिला जातो. तो दुसऱ्या आणि चौथ्या लक्षणावर लागू पडतो. पहिल्यावर त्याचा काडीचा उपयोग नाही, कारण तुकडे केले तरी प्रत्येक पानातले पिक्सेल तेवढेच राहतात.

तेव्हा खरा उपाय एकच: पान पडद्याच्या मापाचे करायचे, आणि ते यंत्रावर टाकण्याआधी संगणकावर करायचे. मात्र नुसते लहान करून भागत नाही, कारण देवनागरीला उंची लागते. नेहमीच्या डेमी आकाराच्या पुस्तकात समास सोडून मजकूर सुमारे १०५ मिलिमीटर रुंद आणि १७० उंच असतो. सहा इंची पडदा ९० गुणिले १२२ मिलिमीटरचा. पूर्ण पान उभे बसवले तर मजकूर ७२ टक्क्यांवर येतो आणि १२ पॉइंटचा टाइप साडेआठ पॉइंटचा होतो. १६७ घनतेच्या जुन्या पडद्यावर त्याला सगळे मिळून वीस पिक्सेलची उंची मिळते. त्या वीस पिक्सेलमध्ये वर वेलांटी, रफार, अनुस्वार, मधे अक्षराचा देह आणि खाली उकार मावायचा असतो. रोमन अक्षर एवढ्यात भागवून घेते. 'द्ध', 'ष्ट्र', 'ङ्क' यांचा काळा ठिपका होतो. ३०० घनतेच्या पडद्यावर त्याच उंचीला छत्तीस पिक्सेल मिळतात आणि जोडाक्षर वाचता येते. म्हणून ३०० घनतेच्या यंत्रावर समास कापून पूर्ण पान ठेवावे. जुन्या यंत्रावर पडदा आडवा धरून मजकूर १२२ मिलिमीटर रुंदीला ताणावा. तेव्हा टाइप मुळापेक्षा थोडा मोठाच, सुमारे १४ पॉइंटचा होतो आणि एक पान तीन टप्प्यांत वाचून होते. तीनदा उलटावे लागते ही तक्रार खरी आहे, पण हलके झालेले पान तीनदा उलटायला जड पान एकदा उलटण्यापेक्षा कमी वेळ लागतो.

या कामासाठी `k2pdfopt` हे मोफत साधन मला सर्वांत भरवशाचे वाटते. ते समास कापते, पान पडद्याच्या मापाचे करते आणि मुळात ठरवून दिलेल्या मांडणीनुसार करड्याच्या १६ छटांत उतरवते. पडद्याला तेवढ्याच हव्या असतात. पूर्ण खंडाला हात घालण्याआधी मधली दहा पाने करून पाहावीत.

```
k2pdfopt -mode fw -n- -w 1072 -h 1448 -dpi 300 -p 101-110 -ui- -x khand-05.pdf
```

इथे `fw` म्हणजे रुंदीला भरणारी आडवी मांडणी. उभे पूर्ण पान हवे असेल तर `fp`. रुंदी-उंचीचे आकडे आपापल्या पडद्याचे द्यावेत. तयार झालेल्या दहा पानांचे वजन पाहून त्याला एकूण पानांच्या प्रमाणात गुणले की पूर्ण खंड साठ्यात किती जागा घेईल ते आधीच कळते. मग ती दहा पाने यंत्रावर नेऊन सर्वांत बारीक तळटीप वाचता येते का ते पाहावे. तळटीप वाचता आली नाही तर पुढचे चारशे पानांचे रूपांतर वाया जाईल, आणि असे रूपांतर संगणकालाही पुष्कळ वेळ घेते.

याच साधनात शब्द सुटे करून नव्या ओळी रचण्याची सोय आहे, आणि तिचा मोह होतो. मराठीसाठी तिच्याबद्दल सावध राहावे. शिरोरेषेमुळे शब्द अखंड राहतो आणि दोन शब्दांतली मोकळी जागा साधनाला स्पष्ट दिसते, ही जमेची बाजू. पण ओळी वेगळ्या करताना ते आडव्या मोकळ्या पट्ट्या शोधते. जुन्या खिळ्यांच्या छपाईत ओळी दाटीने बसवलेल्या असतील तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडतो, पट्टी सापडत नाही, आणि दोन ओळी एक समजून कापल्या जातात. कधी उलट होते: वेलांट्यांची रांग स्वतंत्र ओळ ठरते आणि अक्षरांपासून तुटते. गद्य पुस्तक, सैल ओळी, स्वच्छ स्कॅन एवढे जुळले तरच हा मार्ग घ्यावा. कोश, कविता, तक्ते यांना तो लावूच नये.

दुसरा मोह निव्वळ काळ्यापांढऱ्याचा. एका पिक्सेलला एकच बिट दिला की १ कोटी ६ लाख पिक्सेलचे पानही सव्वा मेगाबाइटच्या आसपास उलगडते, आणि स्वच्छ छापील पुस्तकाला हे उत्तमच. पण पिवळ्या पडलेल्या कागदावर उंबरठा थोडा चुकला की पहिला बळी अनुस्वाराचा जातो. टिंब गेले की 'अंत' आणि 'अत' यांत फरक उरत नाही, आणि वाचकाला काही हरवल्याचे कळतही नाही. त्याहून गंभीर धोका जेबिग२ या संकोचनाच्या हानिकारक रीतीत आहे. ती सारखी दिसणारी अक्षरे शोधून सगळीकडे एकाच नमुन्याचा शिक्का मारते. २०१३मध्ये डेव्हिड क्रिझेल यांनी झेरॉक्सच्या काही यंत्रांत याच रीतीमुळे ६ च्या जागी ८ छापला जात असल्याचे दाखवून दिले होते. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' ज्या लिपीत शेजारी नांदतात तिथे हा धोका किती आहे हे वेगळे सांगायला नको. अस्पष्ट अक्षर वाचक संदर्भाने सुधारून घेतो. स्पष्ट पण चुकीचे अक्षर तो खरे मानतो. म्हणून काळेपांढरे करायचे असेल तर हानिरहित रीतच वापरावी, आणि शंका असेल तिथे करड्या छटा ठेवाव्यात.

कॉमिकचे प्रकरण वेगळे आहे, कारण तिथे समास कापून फारसे काही मिळत नाही. अमर चित्रकथेच्या ३२ पानी अंकाचे पान अंदाजे १८० गुणिले २४० मिलिमीटरचे. सहा इंची पडद्यावर ते नेमके अर्धे होते आणि संवादाची अक्षरेही अर्धी. ३०० घनतेवर ती डोळ्याला ताण देऊन वाचता येतात, १६७ वर येत नाहीत. तिथे पान आडवे धरून दोन-तीन टप्प्यांत वाचणे भाग आहे. रंग जातो त्याचाही हिशोब करावा. रंग करडा होताना हिरव्याला सर्वांत जास्त आणि निळ्याला सर्वांत कमी वजन मिळते. त्यामुळे भडक लाल आणि गडद हिरवा हे डोळ्याला पूर्ण वेगळे रंग एकाच करड्या छटेवर येतात, आणि लाल शेला पांघरलेला माणूस गर्द झाडीत विरून जातो. हे फाइलमधला दोष म्हणून शोधत बसू नये. तो सपाट रंगांच्या छपाईचा परिणाम आहे. गॅमा थोडा बदलून काही पाने सुधारतात, सगळी नाही. चित्र हेच ज्या अंकाचे सर्वस्व आहे तो संगणकावर किंवा मोबाइलवर पाहावा असे माझे स्पष्ट मत आहे.

करायचे ठरले तर मूळ चित्रांची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये काढून मगच पुढच्या दोन आज्ञा द्याव्यात, कारण पहिली आज्ञा समोरच्या फाइलींवरच लिहिते.

```
magick mogrify -resize "1072x1448>" -colorspace Gray -quality 80 *.jpg
zip -0 chandoba-1960-04.cbz *.jpg
```

दुसऱ्या आज्ञेतला शून्य महत्त्वाचा आहे. जेपीईजी चित्र आधीच दाबलेले असते. ते पुन्हा दाबून जागा वाचत नाही, यंत्राला फक्त उलगडण्याचे दुहेरी काम लागते. सीबीझेडमध्ये प्रत्येक चित्र स्वतंत्र असल्याने कोणत्याही पानावर थेट जाता येते, म्हणून सीबीआर मिळाली तरी तिची सीबीझेड करून ठेवावी. चित्रांची नावे 001, 002 अशी असावीत. नुसते 1, 2, 10 ठेवले तर काही यंत्रे पहिल्या पानानंतर दहावे दाखवतात.

आता संग्रहाकडे. ४ गिगाबाइटच्या यंत्रात प्रत्यक्षात सुमारे ३ वापरता येतात, आणि त्यातलाही अर्धा गिगाबाइट मोकळा ठेवावा, कारण शोधसूची आणि तात्पुरत्या फाइलींना जागा मिळाली नाही तर यंत्र अकारण अडखळते. माझ्या मते यंत्रावर संग्रह ठेवूच नये, शेल्फ ठेवावे: सध्या वाचतो ते आणि पुढे वाचणार ते, पंचवीस-तीस शीर्षके. मूळ स्कॅन संगणकावर किंवा बाहेरच्या डिस्कवर जसेच्या तसे, आणि हलकी प्रत शेजारच्या फोल्डरमध्ये. भारतीय प्रोग्रामर कोविद गोयल यांनी २००६मध्ये सुरू केलेले कॅलिबर हे मोफत सॉफ्टवेअर या दोन्ही प्रतींच्या नोंदी ठेवायला सोयीचे आहे, फक्त त्यालाच पीडीएफचे ईपबमध्ये रूपांतर करायला सांगू नये. निव्वळ स्कॅनमध्ये मजकूरच नसतो. शीर्षक देवनागरीत नोंदवावे, फाइलचे नाव मात्र रोमन आणि आखूड असावे. लिनक्सच्या नेहमीच्या फाइलव्यवस्थेत नावाला २५५ बाइट मिळतात आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मात्रा आणि पायमोड धरून, ३ बाइट खाते. म्हणजे ८५ चिन्हांत नाव संपते. लेखक, ग्रंथ, खंड, आवृत्ती असे लांब नाव तिथे नाकारले जाते. ज्यांच्या यंत्रावर `KOReader` ही वाचनप्रणाली आहे त्यांनी आणखी एक पथ्य पाळावे. वाचून कुठवर आलो आणि काय अधोरेखित केले ही नोंद पुस्तकाशेजारच्या `.sdr` फोल्डरमध्ये असते. पुस्तक काढताना तो फोल्डर संगणकावर जपून ठेवला तर सहा महिन्यांनी तेच पुस्तक परत टाकल्यावर वाचन तिथूनच पुढे सुरू होते.

यावर पहिला आक्षेप असा की `KOReader`सारखी प्रणाली वाचतानाच समास कापते, छटा गडद करते, मग आधी एवढा खटाटोप कशाला? ती कापते हे खरे, पण कापण्याआधी पूर्ण पान उलगडते, आणि दरवेळी उलगडते. मध्यम घनतेच्या जेपीईजी पीडीएफला तेवढे पुरते, आणि तिथे रूपांतर करू नये हेच योग्य. तक्त्यातला गुणाकार करड्या पानाला ४० लाखांच्या आत असेल तर फाइल आहे तशी टाकून पाहावी. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: अक्षरओळख करून मजकूरच काढला तर पिक्सेलचा प्रश्नच मिटतो. मजकूर नीट तपासलेला असेल तर याला उत्तर नाही. ज्ञानकोश आणि मराठी विश्वकोश यांचा मजकूर संकेतस्थळांवर शोधता येतो, आणि एखादी नोंद शोधायची असेल तर खंडाची पीडीएफ चाळण्यापेक्षा तेच करावे. पण न तपासलेल्या मजकुरात जुन्या खिळ्यांची जोडाक्षरे चुकतात. शिवाय मुळात संगणकावर जुळवलेल्या अनेक मराठी पीडीएफ युनिकोडपूर्व फाँटमधल्या आहेत. डोळ्याला मराठी दिसते आणि मजकूर काढला की रोमन चिन्हांची रांग हाती येते. अशा फाइलीत शोध चालत नाही तो यंत्राचा दोष नव्हे. तिसरा आक्षेप मोठ्या पडद्याचे नवे यंत्र घ्या असा. ज्याला परवडते त्याने कोश आणि चित्रकथांसाठी दहा इंची यंत्र जरूर घ्यावे, सहा इंची पडद्यावर तीन टप्प्यांत वाचण्याला ते सरस आहे. पण ६०० घनतेचे रंगीत जेपीईजी २००० पान त्या यंत्रालाही जडच जाते, म्हणून पैसे खर्चूनही हा गुणाकार टळत नाही.

हे सगळे काम आज प्रत्येक वाचक आपापल्या घरी स्वतंत्रपणे करतो, आणि एकाच खंडाची हलकी प्रत अनेकांना पुन्हा पुन्हा तयार करावी लागते. ते एकदाच, आणि मुळापाशी होऊ शकते. जी ग्रंथालये आणि संस्था मराठी ग्रंथांचे अंकीकरण करत आहेत त्यांना विनंती आहे की जतनासाठीच्या मोठ्या स्कॅनशेजारी समास कापलेली, करड्या छटांची, सुमारे १४५० पिक्सेल उंचीच्या जेपीईजी पानांची दुसरी पीडीएफही ठेवावी, आणि दोन्हींपुढे पानाची पिक्सेलमधली मापे लिहावीत. स्कॅन करणाऱ्या संगणकाला हे एका रात्रीचे काम आहे.